होकार दिलेली ऑफर नाकारायची आहे, संबंध मात्र टिकवायचे आहेत. पत्र कसं लिहू?

अदिती७

नमस्कार मंडळी. मी मेटलर्जी इंजिनिअर, पुण्यात एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. मूळची इचलकरंजीची. मध्यंतरी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी हेडच्या जागेसाठी मुलाखत दिली. घरच्या मालकीची कंपनी आहे. मालकांनी स्वतः मुलाखत घेतली, मग शॉप फ्लोअरवर फिरवलं, सँड लॅबची वही उघडून दाखवली. नंतर तीन महिन्यांच्या रिजेक्शनची एक्सेल पाठवून 'यात तुम्हाला काय दिसतं ते सांगा' म्हणाले. मी सांगितलं, त्यांना पटलं. ऑफर लेटर आलं, मी सही करून स्कॅन पाठवली आणि इकडे राजीनामा दिला. मेडिकलही झाली. निम्मा नोटीस पिरियड अजून बाकी आहे.

आता पुण्यातल्याच एका कंपनीच्या कास्टिंग सिम्युलेशन टीमकडून बोलावणं आलंय. तिथे मी वर्षाच्या सुरुवातीला अर्ज केला होता, तेव्हा त्यांनी भरती थांबवली होती. पगारात फारसा फरक नाही, पण मला सिम्युलेशनचंच काम करायचं आहे. निर्णय झालेला आहे, त्यामुळे कृपया 'कोल्हापूरच का नाही' वर चर्चा नको.

प्रश्न पत्राचा आहे. कोल्हापूरचं फाउंड्रीचं जग लहान. हे गृहस्थ मला पुन्हा पुन्हा भेटणार आहेत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडले. मुलाखत पूर्ण मराठीत झाली, म्हणून पत्रही मराठीतच लिहायचा विचार आहे. हा मसुदा:

> माननीय महोदय, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत काम करण्याची सुवर्णसंधी दिल्याबद्दल मी आपली शतशः ऋणी आहे. तथापि काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे सदर संधीचा लाभ घेणे सद्यस्थितीत मला शक्य होणार नाही असे वाटते. झालेल्या गैरसोयीबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे. भविष्यात आपल्यासोबत काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन.

कसा वाटतो? आणि हे एचआरला पाठवायचं की मालकांना?

---

नाना_कळंबेकर

राजीनामा असा ईमेलवर देऊ नये. आधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बोलावं, चहा घ्यावा, मग पत्र द्यावं. मी सत्तावीस वर्षांची नोकरी सोडली तेव्हा असंच केलं. रिलिव्हिंग लेटर आणि पीएफचे कागद हातात पडल्याशिवाय हिशेब पूर्ण झाला असं समजू नका.

---

अदिती७

नाना, राजीनामा नाही हो. जिथे अजून रुजूच झाले नाही तिथे नकार कळवायचा आहे.

---

नाना_कळंबेकर

अच्छा अच्छा. चहाचं मात्र तेच.

---

ताराबाई_पार्क

इंजिनिअरिंग कंपन्यांच्या एचआरमध्ये माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. अशी पत्रं कपाटभर वाचली आहेत, म्हणून स्पष्टच लिहिते.

पत्राआधी एक विचारते. दुसऱ्या कंपनीची ऑफर लेखी हातात आहे का? फोनवर 'तुमचं फायनल आहे, लेटर येतंय' असं कुणी म्हणालं असेल तर ते लेटर नव्हे. पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि सही असलेला कागद येईपर्यंत शिरोलीला एक अक्षर कळवू नकोस. तू इकडे राजीनामा दिलेला आहेस. एकदा भरती थांबवलेली कंपनी परतही थांबवू शकते, आणि मग तिन्ही दारं बंद.

ते हातात असेल तर मात्र एक दिवसही घालवू नको. कारण सांगते. त्यांनी तुला ऑफर दिली तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा कुणीतरी होता. त्याला त्यांनी 'कळवतो' म्हणून ठेवलेला असतो. तो दोन-तीन आठवडे वाट बघतो, मग दुसरीकडे जातो. तू आज सांगितलंस तर ते आजच त्याला फोन करतील. जॉइनिंगच्या दोन दिवस आधी सांगितलंस तर त्यांना पुन्हा शून्यापासून शोध सुरू करावा लागेल, आणि जो मिळेल त्याचाही साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असेल. म्हणजे त्यांची खुर्ची चार-पाच महिने रिकामी. मालक तुझ्यावर रागावेल की नाही हे यावरून ठरतं, पत्रातल्या 'शतशः ऋणी' वरून नाही.

मसुद्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते. तोपर्यंत 'कौटुंबिक कारण' खोडून टाक.

---

वकिलीवळण

एक गंभीर मुद्दा सगळे विसरताहेत. सही केलेली ऑफर म्हणजे करार. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे प्रस्ताव अधिक स्वीकृती झाली की दोन्ही पक्ष बांधले गेले. ऑफर लेटरमध्ये 'रुजू न झाल्यास एक महिन्याचा पगार भरावा लागेल' असं कलम असेल तर ते भरावंच लागेल. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात कर्मचाऱ्याला दोन लाखांचा बाँड भरायला लावला आहे. त्यामुळे पत्रात दिलगिरी अजिबात लिहू नका, तो कबुलीजबाब ठरतो.

---

अदिती७

बापरे. माझ्या लेटरमध्ये तसं कलम आहे. 'फेल्स टू जॉइन' झाल्यास एक महिन्याचा बेसिक. 😟

ताराबाई, दुसरी ऑफर कालच सहीसह आली आहे. तारीखही दिली आहे.

---

कोर्टाची_पायरी

वकिलीवळण यांचं अर्धं बरोबर आहे. स्वीकृती कळवली की करार होतो हे खरं, आणि विजया बँकेचा निकालही खरा. पण त्या प्रकरणातला अधिकारी बँकेत रुजू झालेला होता. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत तो सोडून गेला, म्हणून बाँडची रक्कम वैध ठरली. रुजूच न झालेल्या माणसाचा तो खटला नव्हता.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, कुणालाही जबरदस्तीने कामावर हजर राहायला लावता येत नाही, स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये व्यक्तिगत सेवेचे करार त्यातून वगळलेले आहेत. दोन, पैशाचं कलम. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं. 'लिहिलंय म्हणून आपोआप द्यायची' असं नसतं, आणि 'लिहिलंय तरी काही होत नाही' असंही नसतं. एक महिन्याच्या बेसिकसाठी कोर्टात जाणारी कंपनी मी पाहिलेली नाही, पण म्हणून मी कुणाला हमी देणार नाही.

दिलगिरीचं म्हणाल तर, 'होकार मागे घेते आहे' हे वाक्य पत्रात असणारच आहे. मग 'वाईट वाटतं' लिहिल्याने वेगळा कोणता पुरावा तयार होतो? बिनधास्त लिहा. फक्त 'होणाऱ्या सर्व नुकसानीची जबाबदारी माझी' असली उदार वाक्यं टाळा.

---

दुबईकर_दत्ता

माझी केस सांगतो. आखातात तर ऑफर लेटर सरकारी नमुन्यात असतं, त्यावर सही झाली की कंपनी वर्क परमिटच्या मागे लागते. माझं एंट्री परमिट निघालं आणि नेमकं इकडे सासऱ्यांचं आजारपण आलं. मी पीआरओला व्हॉट्सॲप केला, 'सॉरी, नॉट कमिंग'. झालं. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीतून गेलो, तर मुलाखतीला समोर तोच मॅनेजर. त्याने ओळखलं, हसला, म्हणाला 'या वेळी येणार ना?' नोकरी दिली, पण सुरुवातीचा पगार मी मागितला त्यापेक्षा कमी लावला. मी गुपचूप घेतला.

---

ताराबाई_पार्क

दत्ता, त्याने हसून पैसे वसूल केले बघा.

अदिती, आता मसुदा. मालक हे पत्र वाचून काय विचार करेल ते सांगते.

'सद्यस्थितीत शक्य होणार नाही असे वाटते.' हे वाचून तो लगेच फोन उचलेल. 'वाटते' म्हणजे अजून पक्कं नाही, 'सद्यस्थितीत' म्हणजे महिनाभराने शक्य आहे. तो म्हणेल, तारीख पुढे ढकलू, दोन महिने थांबतो. आता तुला तोच नकार दुसऱ्यांदा द्यावा लागेल, तोही थेट तोंडावर. पहिल्या दोन ओळींतच 'मी रुजू होणार नाही' हे सरळ असायला हवं. नम्रपणा पुढे दाखवता येतो.

'कौटुंबिक कारण.' हे सगळ्यात वाईट. तू पुण्यात नवीन ठिकाणी रुजू होशील, महिनाभरात लिंक्डइनवर कळेल, आणि शिरोलीच्या कुठल्याही फाउंड्रीत तुझा एक तरी बॅचमेट आहेच. नकार दिला म्हणून कुणी मनात धरत नाही. घरच्या माणसांचं निमित्त करून खोटं सांगितलं हे मात्र धरतात, कारण मालकाने ते ऐकून 'काळजी घ्या हो' असं मनापासून म्हटलेलं असतं.

खरं कारण सांग, पण एकच. दोन कारणं दिलीस तर तो दोन्हींवर तोडगे काढेल. पगार, अंतर, राहायची सोय यातलं काहीही लिहिलं की ती वाटाघाट होते. तुझं कारण तर वाटाघाटीच्या पलीकडचं आहे. सिम्युलेशनची टीम तो तुझ्यासाठी उभी करू शकत नाही, हे त्यालाही कळतं.

'प्रतिष्ठित संस्था, सुवर्णसंधी' हे कुठल्याही कंपनीला लिहिता येतं. त्याने सँड लॅबची वही दाखवली ते लिही. ते फक्त त्यालाच लिहिता येतं.

आणि तुझ्या मसुद्यात नाही ते. ती रिजेक्शनची एक्सेल. त्यात गिऱ्हाइकांची नावं, पार्ट नंबर, टक्केवारी असणार. ती तुझ्याकडे आहे आणि तू निघाली आहेस कास्टिंगशीच संबंध असलेल्या दुसऱ्या कंपनीत. मालकाला राग ओसरल्यावर पहिली आठवण तिची होईल. त्याने विचारायच्या आधी तूच लिही की फाइल काढून टाकली आहे. आणि खरोखर काढून टाक, मेलमधून, डाउनलोडमधून, फोनमधून.

---

मशीनशॉपवाला

कारखानदाराची बाजू सांगतो. माझं हातकणंगल्यात छोटं मशीन शॉप आहे, कास्टिंग घेऊन मशीनिंग करून देतो. माझ्याकडे असे नकार दोनदा आले.

पहिला पोरगा जॉइनिंगच्या दिवशी आला नाही. फोन बंद. मी साडेदहापर्यंत गेटवर सुपरवायझरला उभा केला होता, कारण पोरगा नवीन, रस्ता चुकला असेल. अकराला एचआरच्या कन्सल्टंटने सांगितलं, तो दुसरीकडे गेला. त्याचं नाव मी आजही विसरलो नाही आणि विचारणाऱ्या चार जणांना सांगितलंही आहे.

दुसऱ्याने पंधरा दिवस आधी फोन केला. 'दादा, मला व्हीएमसी प्रोग्रामिंगचं काम मिळतंय, तुमच्याकडे मला मेंटेनन्स करायचं होतं, मी तिकडे चाललो.' मला राग आला, खोटं कशाला बोलू. फोनवर जरा ताडताड बोललो पण. पण आज माझा एक जॉब त्याच्या कंपनीकडून येतो आणि आमचं व्यवस्थित चालतं.

तात्पर्य म्हणून नाही, पण पत्राआधी फोन कर. आणि राग आला तर ऐकून घे. दोन मिनिटं चालतो.

---

सूर्योदय_शिफ्ट

मला एक कळत नाही, एवढं अपराधी वाटून का घ्यायचं? कंपन्या काय करतात? २०२२-२३ मध्ये आयटीवाल्यांनी ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना महिनोन्महिने लटकवलं, काहींच्या ऑफर सरळ मागे घेतल्या. दोन ओळींचा मेल यायचा, 'बिझनेस रिक्वायरमेंट'. कुणी फोन करून चहा पाजला का? एचआरला एक मेल टाका, संपवा.

---

मशीनशॉपवाला

आयटी कंपनीत तुम्हाला ऑफर देणारा माणूस कोण हेही माहीत नसतं. इथे मालकाने तिला स्वतः शॉप फ्लोअर दाखवलाय.

---

सूर्योदय_शिफ्ट

तो त्याचा भरतीचा खर्च आहे. उपकार नाहीत. असो, वेगवेगळी मतं.

---

रंकाळ्याकाठी

कन्सल्टंटमार्फत झालंय का हे? कारण तसं असेल तर गंमत वेगळी.

---

अदिती७

हो, पुण्याच्या एका प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत. काल त्यांना अंदाज दिला. ते म्हणाले 'मॅडम, तुम्ही कंपनीला डायरेक्ट काही सांगू नका, मी हँडल करतो, आधी आपण एक रिप्लेसमेंट बघू.' त्यांचं ऐकू का?

---

ताराबाई_पार्क

मुळीच नाही. कन्सल्टंटचे पैसे उमेदवार रुजू झाल्यावर निघतात. साधारण वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. तू गेलीस की त्याचं बिल गेलं. त्याला नवा उमेदवार तयार होईपर्यंत बातमी दाबून ठेवायची आहे, हे त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ठीकच आहे. पण ते दिवस तुझ्या नावावर पडतात. मालकाला नंतर एवढंच दिसेल की अदितीला एक तारखेला माहीत होतं आणि तिने पंधराला सांगितलं.

क्रम असा ठेव. सकाळी कामाच्या वेळेत मालकाला फोन. त्याच दिवशी मालकाच्या नावाने पत्र, एचआरला सीसी. मग कन्सल्टंटला एका ओळीचा मेसेज, 'आज कंपनीला कळवलं आहे'. तिघांना एकाच दिवशी, या क्रमाने. शुक्रवारी रात्री अकराला पाठवू नको, शनिवार-रविवार तो धुमसत बसेल. आणि त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तर नकोच.

एचआरची प्रत का, तेही सांगते. मालकाशी बोलणं झालं तरी एचआरच्या सिस्टीममध्ये तुझं नाव 'जॉइनिंग ड्यू' म्हणून पडून राहतं. लेखी पत्र असेल तर 'ऑफर डिक्लाइन्ड' लागतं. नसेल तर ठरलेल्या तारखेनंतर 'नो शो' लागतं, आणि पाच वर्षांनी तू परत अर्ज केलास तर नव्या एचआरला तेवढंच दिसतं. त्यांना तुझं मराठी पत्र फाइलला लावायला अडचण असेल तर वर इंग्रजीत तीन ओळींचा मेल दे. ऑफरचा संदर्भ क्रमांक, तारीख, पद, आणि होकार मागे घेतल्याचं. बाकी काही नको.

---

रंकाळ्याकाठी

एक विचारू? दुसऱ्या कंपनीचं नाव सांगायचं का? मी सांगितलं होतं आणि समोरच्याने तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. काही बिघडलं नाही, पण मला घाम फुटला होता.

---

ताराबाई_पार्क

रुजू होईपर्यंत नको. विचारलं तर 'रुजू झाले की मीच कळवेन' म्हण.

---

मशीनशॉपवाला

मला नाही पटत. नाव लपवलं की मला वाटतं स्पर्धकाकडे चाललाय. सरळ नाव सांगितलं तर विषय संपतो.

---

कोर्टाची_पायरी

स्पर्धकाकडे नाही, कामाचं स्वरूप वेगळं आहे, एवढं सांगितलं तर दोघांचंही समाधान होतं की. नाव कशाला?

---

मशीनशॉपवाला

तुम्ही वकील. आम्ही नावाशिवाय माणूस ओळखत नाही. 😄

---

शेवंता_फाटक

मी अशा वेळी माझ्या मैत्रिणीचं नाव सुचवलं होतं माझ्या जागी. कंपनी खूश झाली. अदितीनेही तसं करावं.

---

ताराबाई_पार्क

मैत्रिणीला आधी विचारलं असेल आणि ती खरोखर त्या कामाची असेल तरच. नाहीतर मालक नाराज, मैत्रीण नाराज, आणि जागा रिकामीच. शिवाय नकाराच्या पत्रात नाव घातलं की ते भरपाई दिल्यासारखं दिसतं. आठवडाभराने, मालकाने विचारलं तर वेगळं कळवावं. पत्रात नको.

---

अदिती७

सगळ्यांचे आभार. आज सकाळी फोन केला. आधी पत्र देते, मग काय झालं ते सांगते. नावं काढली आहेत.

> आदरणीय ____ साहेब,
> सप्रेम नमस्कार.
>
> सकाळी फोनवर बोलले तेच लेखी कळवते आहे. क्वालिटी हेडच्या पदासाठी तुम्ही दिलेली ऑफर मी सही करून स्वीकारली होती. तो होकार मी मागे घेते आहे. ठरलेल्या तारखेला मी रुजू होणार नाही.
>
> कारण एकच आहे. कास्टिंग सिम्युलेशनमध्ये काम करायची संधी मला आली आहे. या जागेसाठी मी तुमच्याकडे येण्याच्या आधी अर्ज केला होता, तेव्हा त्यांची भरती थांबली होती. पुढची काही वर्षं मला याच कामात घालवायची आहेत.
>
> मुलाखतीच्या दिवशी तुम्ही मला मोल्डिंग लाइनपासून फेटलिंगपर्यंत स्वतः फिरवलंत आणि सँड लॅबची वही उघडून ओलाव्याचे आकडे कुठे घसरतात ते दाखवलंत. एवढ्या मोकळेपणाने कुणी आपली अडचण उमेदवारासमोर मांडत नाही. ते माझ्या लक्षात राहील.
>
> माझ्या होकारामुळे तुम्ही इतर उमेदवारांना थांबवलं असेल याची जाणीव आहे, म्हणून माझं नक्की झाल्याबरोबर कळवते आहे. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहे.
>
> तुम्ही पाठवलेली रिजेक्शनची फाइल मी माझ्या मेलमधून, लॅपटॉपवरून आणि फोनमधून काढून टाकली आहे. तिची प्रत माझ्याकडे नाही आणि त्यातली माहिती मी कुठेही वापरणार नाही. मेडिकल तपासणीचं बिल कंपनीने भरलं आहे, ते मला कळवलंत तर मी ते परत करेन.
>
> आपली,
> अदिती

'भविष्यात संधी मिळाल्यास' मुद्दाम काढलं. परत नोकरी मागायला जाईन असं मला आत्ता वाटत नाही, मग लिहायचं कशाला.

फोनवर ते आधी एकदम गप्प झाले. मग म्हणाले, 'पगाराचं असेल तर बोला.' मी म्हटलं, साहेब, पगाराचं नाही, काम वेगळं आहे. मग जरा चिडून, 'हे तुम्हाला सही करायच्या आधी माहीत नव्हतं का?' मी म्हटलं, तेव्हा ती जागाच बंद होती. कंपनीचं नाव विचारलं, मी 'रुजू झाले की स्वतः कळवते' म्हटलं. ते त्यांना आवडलं नाही, आवाजावरून कळलं. शेवटी 'लेखी द्या, एचआरला पाठवा' म्हणून फोन ठेवला.

---

मशीनशॉपवाला

बघ, नावाचं मी म्हटलं होतं.

पण 'लेखी द्या' म्हणाला म्हणजे पचवलंय त्याने. न पचवणारा 'बघून घेतो' म्हणतो.

---

वकिलीवळण

मेडिकलचं बिल परत करायची तयारी दाखवली, म्हणजे जबाबदारी मान्य केली. आता ते एक महिन्याचा बेसिकही मागतील.

---

कोर्टाची_पायरी

मागायचा असेल तर तो कलमावर मागतील, मेडिकलच्या बिलावर नाही. तरी मी असतो तर ते वाक्य लिहिलं नसतं, फोनवर बोललो असतो.

---

ताराबाई_पार्क

माझं मत वेगळं. प्रत्यक्ष झालेला, ठरावीक आणि लहान खर्च परत करायची तयारी दाखवणं हे छोट्या कंपनीत लक्षात राहतं. बहुतेक ते मागणारही नाहीत. पत्र चांगलं झालंय. फक्त दुसऱ्या परिच्छेदातलं 'त्यांची भरती थांबली होती' हे मी काढलं असतं. शोधणारा त्यावरून कंपनी ओळखेल.

---

अदिती७

अपडेट. एचआरचा मेल आला. एक ऑनलाइन फॉर्म भरायला सांगितलाय, 'नकाराचं कारण' या रकान्यात फक्त चार पर्याय: पगार, ठिकाण, वैयक्तिक कारण, सध्याच्या कंपनीने थांबवून घेतलं. माझं कारण यात बसतच नाही. 'वैयक्तिक' वर टिक करू का?

मेडिकलच्या बिलाबद्दल त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. कलमाबद्दलही नाही.

---

सूर्योदय_शिफ्ट

टिक करा कशावरही, कोण वाचतंय.

---

ताराबाई_पार्क

'वैयक्तिक' वर नको, परत तेच गोलमाल. खाली शेरा लिहायला जागा असेल तर कुठलाही पर्याय निवडून तिथे 'कामाचं स्वरूप, पत्रात नमूद केल्याप्रमाणे' एवढं लिही. जागा नसेल तर फॉर्म भरू नको. एचआरला उलट मेल कर की कारण पत्रात आहे, फॉर्ममध्ये योग्य पर्याय नाही, तुम्हीच नोंद करा. आणि नोंद झाल्याचं एक ओळ उत्तर मागून घे, ते जपून ठेव.

---

अदिती७

शेऱ्याची जागा आहे, दोनशे अक्षरांची. तसंच लिहिते.

---

नाना_कळंबेकर

चहाला कधी जाताय?

---

अदिती७

नाना, फाउंड्रीवाल्यांची संस्था आयआयएफ, तिच्या कोल्हापूर चॅप्टरचा कार्यक्रम असला की साहेबांची भेट होईलच. तेव्हा चहा मीच पाजेन.